पुण्याच्या नोकरीतून माघार

आज पुण्याच्या कंपनीला माघारीचा मेल पाठवला. दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, गुरुवारी तिसरी होती. पण बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. गोमेकॉ इस्पितळातून घरी सोडलंय, तरी फिजिओथेरपी रोजची आणि फोंड्याच्या घरी आईसोबत मीच आहे.

मुलाखतीच्या त्याच जुन्या मेलला उत्तर दिलं, म्हणजे एचआरला माझा अर्ज शोधावा लागणार नाही. पहिल्याच ओळीत निर्णय लिहिला: "घरच्या परिस्थितीमुळे मी या पदासाठीची उमेदवारी मागे घेत आहे. गुरुवारची मुलाखत कृपया रद्द करावी." आजाराचं नाव लिहिलं नाही. ती बाबांची खासगी गोष्ट, आणि तिकडे तिची गरजही नाही. 'सध्या जमणार नाही' असंही मुद्दाम टाळलं. अशा मोघम वाक्यावर ते थांबून राहतात आणि रांगेतला पुढचा उमेदवार लटकतो. शेवटी मुलाखत घेणाऱ्यांचे आभार, आणि पुढे कधी जागा निघाली तर अर्ज करायला आवडेल, एवढंच.

ताई म्हणाली, "नुसता फोन कर ना!" फोनही केला, पण मेल गेल्यावर. पॅनेलवरच्या लोकांना पुढे पाठवायला लेखी काहीतरी लागतंच.

तासाभरात मुलाखत रद्द झाल्याचं कळलं. ही नोकरी मला फार हवी होती. वाईट वाटतंय.