अभ्यासिका बदलावी का?

गुरुवार, रात्री

आज नारायण पेठेतली नवी अभ्यासिका पाहून आले. मुद्दाम आठ वाजता गेले. सकाळी कुठलीही अभ्यासिका शांतच वाटते आणि नेटही पळतं. रात्री सगळे एकदम लेक्चर लावतात, तेव्हा खरं काय ते कळतं.

पुढच्या रांगेत व्हिडिओ नीट चालला. मागच्या कोपऱ्यात, प्लायच्या पार्टिशनपलीकडे, दर दोन मिनिटांनी अडकत होता. साठेक जागा आणि राउटर एकच, तोही काउंटरपाशी. काकांना विचारलं, "लाइट गेल्यावर वायफाय चालतं का?" ते म्हणाले, "इन्व्हर्टरवर ट्यूब आणि पंखे आहेत, राउटर नाही." राउटरला एका पंख्यापेक्षाही कितीतरी कमी वीज लागते, तो सहज जोडता येईल. तसं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते लिहूनही घेतलं.

जागा मात्र मनापासून आवडली. टेबलावर पेपर अर्धा दुमडून वहीशेजारी मावतो आणि प्लग प्रत्येकाला वेगळा आहे. खुर्च्यांच्या पायांना रबर लावलंय, त्यामुळे कुणी उठलं तरी फरशीवर कर्र होत नाही. आवाज येतो तो जिन्यातून. चहाला निघालेली मुलं दाराबाहेरच कटऑफवर बोलत उभी राहतात आणि दाराजवळच्या चार जागांवर शब्दन् शब्द ऐकू येतो. त्या जागा घेऊ नयेत.

आता फी. फिरती जागा 900, आरक्षित 1300. फरक चारशेचा, म्हणजे महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर रोजचे पंधरा-सोळा रुपये. तेवढ्यात लॉकर मिळतो, पुस्तकांचं ओझं रोज वाहावं लागत नाही आणि सकाळी सातच्या आत जागा धरायला धावावं लागत नाही. हे मला रास्त वाटतं.

रास्त वाटत नाही ते वेळेचं. बोर्डावर 'चोवीस तास' लिहिलंय, पण अकराला शटर खाली येतं. आत असेल त्याने पहाटे पाचपर्यंत आतच बसायचं. आमच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं. म्हणजे रात्रीचे तास आम्हा मुलींच्या कामाचेच नाहीत, तरी पैसे तेवढेच. "फी सगळ्यांना एकच," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, सकाळी सहा ते रात्री दहा असा वेगळा पास काढा ना. रात्री तीच खुर्ची दुसऱ्याला देता येईल." त्यांना ते एकदम पटलं नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. पंधरा तारखेनंतर येणाऱ्याकडून अर्धीच फी घेतात, म्हणजे माणूस हिशेब ऐकणारा आहे.

हॉस्टेलमधल्या अजून तिघी जागा शोधताहेत. शनिवारी चौघी मिळून जाणार आहोत. दिवसाचा पास हजारापर्यंत मिळाला आणि राउटर इन्व्हर्टरवर आला, तर पुढच्या रांगेतली भिंतीकडची जागा घेईन.