फोल्डर माझं, मग फाइली कुणाच्या?

तुम्ही विचारलंत म्हणून: "सर, आमच्या ऑफिसातली मुलगी नोकरी सोडून पुण्याला गेली. ड्राइव्हवरचं फोल्डर तर मीच बनवलं होतं. आता त्यातल्या अर्ध्या फाइली दिसून नाही राहिल्या. कुठे गेल्या?"

नागपुरातल्या छोट्या ऑफिसांना खाती, ईमेल आणि ड्राइव्ह लावून देणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न धरमपेठेतल्या सीएपासून हिंगण्याच्या कारखानदारापर्यंत सगळे विचारतात. उत्तर गूगल ड्राइव्हपुरतं देतो, कारण आमच्याकडे बहुतेक ऑफिसांत तोच चालतो.

My Drive मध्ये मालकी फोल्डरची वेगळी आणि त्यातल्या प्रत्येक फाइलीची वेगळी असते. तुम्ही फोल्डर बनवलं, मुलीला एडिटर म्हणून जोडलं आणि तिने त्यात शीट उघडली, तर त्या शीटची मालक ती. शेताला बांध तुम्ही घातला, तरी आतल्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा निराळ्या नावावर असू शकतो, तसंच हे. वापरताना फरक जाणवत नाही. तुम्ही शीट उघडता, आकडे बदलता, प्रिंट काढता. मालकाचं खातं बंद होईपर्यंत सगळं सुरळीत चालतं.

एक उदाहरण नीट सांगतो. काटोलकडच्या बागांमधून संत्रा घेऊन कळमन्याला आणि बाहेरगावी पाठवणारी एक कंपनी आहे. स्वतःच्या डोमेनवर गूगल वर्कस्पेसची मोजकीच खाती. "आंबिया बहार" नावाचं फोल्डर संचालकांच्या खात्यावर होतं. त्यातली शेतकऱ्यांची यादी, रोजच्या वजनाची शीट आणि देण्याघेण्याचा हिशेब या तिन्ही फाइली हिशेब सांभाळणाऱ्या मुलीने बनवलेल्या. डिसेंबरअखेर तोडणी उरकली आणि तिने नोकरी सोडली. दर खात्यामागे महिन्याला पैसे लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी तिचं खातं डिलीट झालं. डिलीट करताना ड्राइव्हचा डेटा कुणाला द्यायचा, हे पडद्यावर विचारलं जातं. तिथे कुणाचंच नाव न देता पुढे गेले.

दोन आठवड्यांनी शेतकऱ्यांचे पैसे चुकते करायला बसल्यावर फोल्डर होतं आणि हिशेबाची शीट नव्हती. संचालकांनी कचरापेटी पाहिली, तीही रिकामी. ती रिकामीच असणार, कारण ही फाइल त्यांनी कधी डिलीट केलीच नव्हती. फाइल कचरापेटीत नसेल आणि दुसऱ्या कुणाचं खातं नुकतंच गेलं असेल, तर मी सगळ्यात आधी त्या खात्याकडे पाहतो.

त्यांच्या हातात अजून वेळ होता. वर्कस्पेसमधलं डिलीट केलेलं खातं 20 दिवसांच्या आत अॅडमिनला परत आणता येतं. admin.google.com वर Users मध्ये जाऊन Recently deleted हा फिल्टर लावायचा आणि खातं Restore करायचं. मग Apps, Google Workspace, Drive and Docs या वाटेने Transfer ownership पर्यंत जायचं आणि तिच्या फाइलींची मालकी संचालकांच्या खात्याकडे द्यायची. आम्ही तेच केलं. फाइलींच्या लिंक त्याच राहिल्या, जुने बदलही दिसत राहिले. 20 दिवस उलटल्यावर आले असते, तर मला काहीही करता आलं नसतं.

तिने ऑफिसचं काम स्वतःच्या जीमेलवरून केलं असतं, तर गोष्ट आणखी अवघड होती. त्या खात्यावर कंपनीच्या अॅडमिनचा काही अधिकार चालत नाही. ती फाइली डिलीट करू शकते, आपली परवानगी काढून घेऊ शकते, किंवा खातं वापरायचं सोडून देऊ शकते. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल डिलीट करू शकतं. खाजगी जीमेलवरून कंपनीच्या खात्याकडे मालकी थेट देताही येत नाही. फाइल दिसतेय तोवर तिची प्रत काढून घ्यायची, एवढंच उरतं. प्रतीची लिंक नवी असते आणि जुन्या बदलांचा इतिहास तिच्यासोबत येत नाही. म्हणून ऑफिसच्या कामासाठी ऑफिसचंच खातं द्या, हे मी पहिल्या भेटीत सांगतो. त्यावर लोक खर्चाची कुरकुर करतात, तरी सांगतो.

उलटंही घडतं. फोल्डरचा मालक निघून जातो आणि आत तुमच्या फाइली असतात. त्या फाइली तुमच्या असल्याने शाबूत राहतात, पण ज्या फोल्डरमधून तुम्ही त्या उघडत होतात ते फोल्डर गेलेलं असतं. ड्राइव्हच्या शोधपट्टीत हे टाकून पाहा:

```
is:unorganized owner:me
```

कुठल्याच फोल्डरात नसलेल्या तुमच्या फाइली यात सापडतात.

आता Shared drives बद्दल. बरेच जण शेअर केलेल्या फोल्डरलाच शेअर्ड ड्राइव्ह म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. शेअर केलेलं फोल्डर कुणातरी माणसाच्या My Drive मध्येच असतं. शेअर्ड ड्राइव्हमधल्या फाइलीची मालक मात्र संस्था असते, माणूस नसतो. मुलगी गेली, खातं डिलीट झालं, तरी तिने तिथे बनवलेली शीट जागेवर राहते. ड्राइव्हचा एकुलता एक मॅनेजर गेला, तरी अॅडमिन नवा मॅनेजर नेमू शकतो. साध्या जीमेलवरून शेअर्ड ड्राइव्ह बनवता येत नाही आणि वर्कस्पेसच्या प्रत्येक प्लॅनमध्ये तो सारखा मिळत नाही, तेव्हा आपला प्लॅन आधी तपासा.

त्या कंपनीचं सगळं आम्ही मृग बहाराची तोडणी सुरू व्हायच्या आत तिकडे हलवलं. आवक नोंदवणाऱ्या मुलांना Contributor केलं, म्हणजे त्यांना भर घालता येते, बदल करता येतात, पण फाइल कचऱ्यात टाकता येत नाही. Manager दोघं ठेवले.

हलवताना एक गोष्ट बारकाईने पाहा. पुष्कळदा फाइल हलतच नाही, शेअर्ड ड्राइव्हमध्ये तिचा शॉर्टकट तेवढा जातो. चिन्हावर छोटा बाण दिसला, तर मूळ फाइल अजून त्या माणसाच्याच My Drive मध्ये आहे असं समजा. खातं गेलं की तो शॉर्टकट काही उघडणार नाही.

कुणी राजीनामा दिला, की त्याचं खातं चालू असतानाच त्याच्या शेजारी बसा. तुमच्या फोल्डरमध्ये Owner चा रकाना पाहा, किंवा शोधपट्टीत owner: लिहून पुढे त्याचा ईमेल टाका. ज्या फाइली कामाच्या आहेत, त्या त्यालाच शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवायला सांगा. मालक स्वतः हलवतो तेव्हा सगळ्यात कमी अडतं. त्याने शीटला आपोआप मेल पाठवणारी स्क्रिप्ट लावली असेल तर तेही विचारा. तिचा ट्रिगर त्याच्या खात्यावर चालतो, म्हणून फाइल हलवली तरी तो तुमच्या खात्यावरून नव्याने लावावा लागतो. निरोपाच्या दिवशी खातं डिलीट करू नका, फक्त Suspend करा. त्याचे पैसे लागत राहतात, पण त्याच्या फाइली इतरांना उघडता येतात आणि काय राहून गेलं ते कामाच्या ओघात कळतं. उरलेल्याची मालकी अॅडमिनमधून दुसऱ्याच्या नावावर केल्यावर, पुढचं बिल यायच्या आत, खातं डिलीट करा.