एसी हॉलमध्ये उगवलेलं मीठ

गिरगावात ठाकुरद्वारच्या बाजूला मामाचं बूट-चपला दुरुस्तीचं दुकान आहे, सहा वर्षं झाली मी तिथे बसतो. दुरुस्ती मामाची, धुणं-पॉलिश-रंग माझं. पावसाळ्यात माझ्याकडे रांग लागते कारण चौपाटी अन मरीन ड्राइव्ह दोन्ही चालत जायच्या अंतरावर, भरतीच्या दिवशी लोक लाटा अंगावर घ्यायला जातात आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत बूट घेऊन माझ्यासमोर उभे. हा किस्सा अशाच एका जोडीचा, जुलैमधला, आणि यात चूक माझीच होती हे आधीच सांगून टाकतो.

मुलगा असेल सव्वीस-सत्तावीसचा. चॉकलेटी रंगाचे लेदरचे लेसवाले बूट, आतलं अस्तर पण लेदरचं, सोल पण लेदरचा, म्हणजे चांगल्यातले. साडेचार मीटरच्या वर भरती होती त्या दिवशी ऑफिसमधून सुटल्यावर मित्राबरोबर कठड्यापाशी उभा राहिला आणि एक लाट दोघांना घोट्यापर्यंत भिजवून गेली. घरी जाऊन बूट गॅलरीत ठेवले, वरून हेअर ड्रायर मारला. आता बोटं वाकतात तिथल्या घडीवर आणि सोलच्या शिलाईच्या वर अशी दोन ठिकाणी पांढरी नागमोडी रेघ आलेली. "शनिवारी ताईचं लग्न आहे, होईल ना?" म्हणला. गुरुवार होता. मी म्हणलं होईल की.

पांढरं दिसलं की आधी ते काय आहे ते बघतो आम्ही, कारण पावसाळ्यात बुटावर तीन प्रकारचं पांढरं येतं. बुरशी असेल तर कुबट वास येतो, ठिपके ठिपके असतात आणि बोटाने पुसलं की फासल्यासारखं होतं. कधी कधी लेदरमधली चरबीच वर येऊन पांढुरकी साय धरते, त्यावर लांबून जरा गरम हवा मारली की ती वितळून गायब. आणि मीठ असेल तर नखाला खरखरीत लागतं, गरम हवेने काही होत नाही, ओलं फडकं फिरवलं की जातं आणि वाळलं की परत येतं. इथे सरळ सरळ मीठ होतं.

मग मी नेहमीचं केलं. लेस काढल्या, सुका ब्रश मारला, पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने पुसलं, पंख्याखाली वाळवलं, शुक्रवारी संध्याकाळी क्रीम, त्यावर वॅक्स पॉलिश. चकाचक. पोरगा खूश, मी पण खूश, पैसे घेतले.

सोमवारी सकाळी शटर वर करतोय तर हा समोर उभा. तोंड असं की आज काही खरं नाही. म्हणला, दादा तुम्ही काय केलंत, हॉलमध्ये तासा दोन तासांनी बूट पांढरे फटक, सगळे फोटो तसेच आलेत. आणि पिशवीतून बूट काढले तर... काहीच नाही! एकदम साफ. मी बुटाकडे बघतोय, तो बुटाकडे बघतोय. मामा तिकडून म्हणाला, "अहो साहेब, कुठाय डाग?" तो अजून चिडला, फोनवर फोटो दाखवला आणि खरंच, दोन्ही बुटांच्या घडीवर जाड पांढरी रेघ, जणू खडूने काढली.

मामाने फोटो बघून एकच प्रश्न विचारला, "हॉल एसी होता का?"

आता हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मिठाची गंमत अशी आहे की हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि खाली आला की परत खडे धरतं. आईच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. जुलैत गिरगावात हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते, म्हणजे माझ्या दुकानात त्या बुटातलं मीठ विरघळलेल्या अवस्थेत लेदरच्या आत बसलेलं, दिसणार कसं? गुरुवारी रेघ दिसली ती हेअर ड्रायरने ताजी वाळवलेली म्हणून. एसी हॉलमध्ये हवा कोरडी मिळाली, पाणी उडालं, मीठ वर येऊन बसलं. घरी येईपर्यंत परत गायब. मी शुक्रवारी ज्याला साफ म्हणत होतो ते साफ नव्हतंच, फक्त ओलसर होतं.

मामाला खात्री करायची होती. शेजारी मोबाईलचं दुकान आहे, त्याच्याकडे दिवसभर एसी चालू, तिथे काउंटरच्या मागे बूट नेऊन ठेवले (तो म्हणाला वास येतो, मामा म्हणाला तुझ्या गिऱ्हाईकांपेक्षा कमी येतो). दुपारी जेवून गेलो तर रेघ आलेली, हळदीकुंकवाच्या रांगोळीसारखी ठळक. मग मुलाला फोन करून सांगितलं की पैसे नकोत, पण आठवडा लागेल.

हिशोब लावून बघा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, पावसाने जरा कमी धरा. एका बुटाने अस्तर, इनसोल, सोल धरून नुसतं शंभर मिली पाणी प्यायलं तरी तीन ग्रॅमच्या आसपास मीठ आत, म्हणजे अर्धा चमचा. आणि मी पुसत होतो वरची रेघ, त्यात चिमूटभर पण नसेल. बाकीचं आतल्या अस्तरात निवांत बसलेलं. उलट मी वरून ओलं करून वरूनच वाळवलं म्हणजे आतलं मीठ अजून वर ओढून आणलं, कारण पाणी जिथून उडतं तिथे आपल्याबरोबर आणलेलं सगळं टाकून जातं. साध्या पावसाच्या पाण्याचा जो तपकिरी डाग पडतो तो पण असाच, तिथे मिठाऐवजी लेदरमधला रंग आणि टॅनिन कडेला जाऊन साठतं. म्हणून नुसत्या डागावर पाणी लावलं की त्याच्या बाहेर नवीन मोठा डाग तयार, हे सगळ्यांनी केलेलं असतं एकदा तरी.

व्हिनेगरबद्दल पण सांगतो. समुद्राचं मीठ साध्या पाण्यात आरामात विरघळतं, त्याला व्हिनेगर लागतच नाही. परदेशात बर्फावर टाकायच्या मिठाचे डाग असतात तिथून हा उपाय आपल्याकडे आला असावा असं मला वाटतं. मी आता थोडंसं घालतो ते फक्त बूट दिवसेंदिवस ओला राहतो तेव्हा बुरशी धरू नये म्हणून, आणि ते सुद्धा आधी बुटाच्या जिभेच्या खालच्या बाजूला लावून रंग सुटत नाही ना बघून.

तर काम असं केलं. आधी माझंच वॅक्स काढलं, ग्लिसरीनच्या साबणाने, नाहीतर पाणी आरपार जाणार कसं. इनसोल सोडवून वेगळी भिजवली. मग आरओचं पाणी स्पंजने पूर्ण बुटाला, टोकापासून टाचेपर्यंत, आतून पण, एकसारखा गडद होईपर्यंत. नळाचं पाणी नको कारण त्यात स्वतःचे क्षार. मग साधे पांढरे टिश्यू ओले करून तीन-चार थर बुटावर चिकटवले, घडीत आणि शिलाईवर बोटाने दाबून दाबून, मध्ये हवेचा फुगा राहिला तर तिथलं मीठ कागदात न जाता लेदरवरच बसतं. आत पण तसेच ओले टिश्यू कोंबले. वर्तमानपत्र नाही, शाई अस्तराला लागते. आणि शेजारच्या एसीत, पंख्याखाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद वाळून पापडासारखा कडक झालेला, काढताना कडकड आवाज, आणि घडीच्या जागी कागदावर करकरीत पट्टा. म्हणजे आता पाणी बुटावरून न उडता कागदावरून उडालं आणि मीठ कागदात टाकून गेलं. मामाने तो कागद वाटीभर आरओच्या पाण्यात बुडवून ते पाणी स्टीलच्या ताटलीत गॅसवर आटवलं, तळाला पांढरा थर उरला. मला म्हणाला चाखून बघ. मी नाही चाखलं, त्यात रंग आणि टॅनिंगचं केमिकल काय काय असतं, पण ताटली अजून दुकानात आहे.

असं तीनदा केलं. दुसऱ्या वेळी थर पातळ, तिसऱ्या वेळी ताटलीत नुसती धूसर झाक आणि कागद पण मऊ निघाला. कागदावर चॉकलेटी रंगही उतरत होता, ते होणारच. एवढं पाणी पाजलं की लेदरमधलं तेलही जातं, म्हणून शेवटच्या वेळी बूट पूर्ण वाळायच्या आधी, हाताला गार लागत असतानाच कंडिशनरचा पातळ हात दिला, रात्रभर थांबून दुसरा हात, मग रंगाचं क्रीम. वॅक्स नाही लावलं. आधी शेजारी एसीत एक अख्खा दिवस. काही आलं नाही.

मित्राचे स्वेडचे निळे लोफर पण त्याच आठवड्यात आले, त्याच लाटेचे. त्याच्या घरी कोणीतरी डाग शोषून घेईल म्हणून टाल्कम पावडर चोपडली होती, पावडर तेलाच्या डागाला ठीक आहे, मिठाला तिचा काय उपयोग, वर ती लवेत जाऊन बसते. आधी कोरड्या क्रेपच्या ब्रशने ती बाहेर काढण्यातच तास गेला. स्वेडला कागद दाबून चिकटवला तर लव चपटी होते, म्हणून तिथे कागद फक्त आतून, बाहेरून स्पंजने शिलाईपासून शिलाईपर्यंत एकसारखं ओलं, आणि वाळत आलं की, म्हणजे हाताला ओलं लागत नाही पण गार लागतं तेव्हा, ब्रश एकाच दिशेने. पूर्ण वाळू दिलं तर लव काटेरी होते, मग किटलीची वाफ देऊन परत उभी करावी लागते. लोफरला अस्तर पातळ असल्यामुळे दोन वेळात मीठ निघालं. निळा रंग मात्र टोकापाशी किंचित फिका राहिला, ते त्याला आधीच दाखवून दिलं.

चॉकलेटी बुटांचा मालक पुढच्या आठवड्यात शुक्रवारी आला. दुकानात बघून समाधान होईना त्याचं, बूट घेऊन स्वतः शेजारच्या एसीत जाऊन अर्धा तास बसला, एक मोबाईल कव्हर पण घ्यावं लागलं त्याला. परत आला आणि उजव्या बुटाच्या बाजूला बोट ठेवलं, तिथे दोन बोटांएवढी जागा कडक आणि बारीक सुरकुतलेली. "हे काय राहिलं?" ती हेअर ड्रायरची जागा. ओल्या लेदरला जवळून तापवलं की ते आखडतं, आणि आखडलेलं परत सैल होत नाही, कितीही क्रीम चोळा. मामाने त्याला अंगठ्याने दाबून दोन्ही बुटांतला फरक दाखवला. मुलगा बराच वेळ दाबून बघत बसला, मग विचारलं, "चालताना इथूनच फाटणार ना?" मामा म्हणाला, "वर्षभर नाही. फाटला की घेऊन या, आतून पट्टी मारून देतो."