सरपंचताईंनी नाव जाहीर केलं

१५ ऑगस्ट, रात्री

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणातच आमच्या ग्रामसंघाचं नाव जाहीर झालं. सावड महिला ग्रामसंघ. लिपिका म्हणून प्रोसिडिंगमध्ये मी ते चार ओळींत उरकलं. तिथे मावलं नाही ते इथे लिहिते.

माईक हातात घेतल्याबरोबर सरपंचताई म्हणाल्या, "बायांनो, हे नाव मी ठेवलेलं नाही. ठराव तुमचा आहे, मी नुसता वाचून दाखवतेय." हे सांगायलाच हवं होतं. ताई स्वतः एका गटात आहेत, पण निवडून आलेल्या बाईला ग्रामसंघाची पदाधिकारी होता येत नाही, असं आमच्या नियमावलीत आहे. शिवाय ग्रामसंघ म्हणजे ग्रामपंचायतीचीच एखादी समिती, असं निम्म्या गावाला वाटतं. तो आहे १४ बचत गटांचा. प्रत्येक गटातून दोघी बैठकीला येतात, आणि ठराव त्या करतात.

मग त्यांनी जी नावं मागे पडली ती सांगितली. मला भाषणातला हाच भाग सगळ्यात आवडला. नाहीतर ज्यांचं नाव निवडलं नाही त्या गटांत कुजबूज सुरू होते. चार गटांनी सावित्रीबाईंचं नाव सुचवलं होतं. पण त्या नावाचे ग्रामसंघ आजूबाजूला आधीच आहेत आणि सगळ्यांची खाती तालुक्याच्या एकाच शाखेत. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या खात्यात गेला तर निस्तरायला महिने जातात. ग्रामदेवीचं नावही आलं होतं. ते गावठाणातल्या बायकांचं. बौद्धवाडीच्या गटाने त्याला सरळ नकार दिला. एका गटाला स्वतःचंच नाव संघाला हवं होतं. त्यावर हशा पिकला.

सावड कोणाला समजवायची गरजच नव्हती. भोरच्या या पट्ट्यात भाताची आवणी नुकतीच उरकलीय, चिखलाने कुजलेली बोटं अजून बरी व्हायचीत. ताई म्हणाल्या, "आज माझ्या खाचरात चौघी आल्या, तर उद्यापासून मला चौघींकडे जायलाच लागतं. नाही गेले, तर पुढच्या आवणीला माझ्याकडे कोण येईल?" तिथूनच त्या पैशावर आल्या. उमेद अभियानाचा समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघामार्फत गटाला कर्ज म्हणून मिळतो. गट हप्ते भरतो ते ग्रामसंघाकडे, आणि त्याच पैशातून पुढच्या गटाला कर्ज जातं. पहिला गट थकला की बँकेची नोटीस वगैरे येत नाही, नुसता दुसरा गट खोळंबतो. "तो दुसरा गट तुमच्याच शेजारणीचा असतो," हे त्यांनी दोनदा सांगितलं. एरवी प्रशिक्षणात हेच तक्त्यावर बाण काढून शिकवतात, तेव्हा अर्ध्याजणी पेंगत असतात. आज कोणी पेंगत नव्हतं.

पण एक गोष्ट ताईंनी गाळली. बैठकीत नावावर चर्चा चालली असताना कातकरी वाडीच्या गटातली एकजण उठून म्हणाली होती, "आम्हाला खाचरच नाही. आम्ही मजुरीला जातो. आमची सावड कोण फेडणार?" पाच मिनिटं कोणी बोललं नाही. तिचं खरंच होतं. सावड बरोबरीच्या लोकांत चालते. ज्याच्याकडे जमीन नाही तो तिच्या बाहेर राहतो. शेवटी तिनेच वाट काढली: नाव हे ठेवा, पण निधी आला की पहिला नंबर कोणाचा, ते गटांच्या सूक्ष्म आराखड्यातली गरज बघून ठरवायचं, चिठ्ठ्या टाकून नाही, आणि हे नावाच्याच ठरावात लिहायचं. तसं लिहिलं. म्हणजे ठरावाचे भाग दोन, आणि गावाने आज ऐकला एकच.

भाषणानंतर मी ताईंना गाठून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, टाळ्यांच्या नादात राहिलं, ग्रामसभेत वाचते. मी म्हटलं, ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे कातकरी वाडीच्या बायका असतील, तिथेच वाचा. कबूल झाल्या.

आता कागदाचं काम. खातं उघडायला ठरावाची प्रत, शिक्का आणि फॉर्म तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर एक लागतं. आमच्या गटाच्या वेळी ठरावात 'अहिल्याबाई' आणि शिक्क्यावर 'अहिल्यादेवी' होतं. तेवढ्यावरून फाइल परत आली आणि नवा शिक्का करावा लागला. बँकेचा फॉर्म इंग्रजीत भरायचा, त्यामुळे सावडमधला 'व' व्ही लिहायचा की डब्ल्यू, हेही आधीच ठरायला हवं. अध्यक्षबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, व्ही. उद्या मी तिघी पदाधिकाऱ्यांच्या सह्या घेऊन स्पेलिंग ठरावात टाकते, मगच शिक्केवाल्याकडे जाईन.