मावशींचा बसलेला आवाज

मावशी भाजी विकतात. दोन वर्षं दम्यासाठी आमच्या छातीच्या ओपीडीत येतात. त्या दिवशी केसपेपर उघडला तेव्हा मी औषधाची पुढची पायरी, म्हणजे वाढीव डोस, लिहायलाच बसलो होतो. सुरुवातीचा कमी डोस पुरला नाही म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा, म्हणजे सूज उतरवणारा रोजचा पंप मधल्या डोसवर, सकाळी दोन आणि रात्री दोन पफ. तरी रात्री दम लागतो, आणि दम लागला की घ्यायचा दोनशे पफांचा निळा पंप महिन्यात संपतो. म्हणजे दिवसाला सहा-सात पफ! निळ्यातलं सॅल्ब्युटामॉल काही मिनिटांत श्वासनळ्या मोकळ्या करतं, पण आतली सूज तशीच राहते. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त तो लागला, तर दमा काबूत नाही असंच समजायचं.

पेन खाली ठेवून म्हटलं, "मावशी, रोज घेता तसा पंप घेऊन दाखवा."

त्यांनी पंप न हलवता तोंडात धरला, जोरात श्वास ओढला आणि छाती भरत आल्यावर दाबला. ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर आला. धूर दिसला की औषध वाया गेलं.

"असा का ओढता?"

"डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं ना, जोरात ओढा म्हणून."

सांगितलं होतं, पण कॅप्सूलवाल्या यंत्रासाठी. त्यातली पावडर उडायला जोराचाच श्वास लागतो. वर्षभरापूर्वी यंत्र बदलून पंप दिला, आणि श्वासही बदलायचा हे कुणी सांगितलं नाही. पंपातून फवारा वेगाने सुटतो. श्वासही जोरात असला, तर औषध घशावरच आपटतं. म्हणून पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, सावकाश श्वास ओढायला लागतानाच दाबायचं, चार-पाच सेकंद ओढत राहायचं आणि मग दहा सेकंद रोखायचा. मावशींना दाबणं आणि ओढणं जुळेना, म्हणून स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी दिली. त्यात फवारा थांबतो, घाई उरत नाही.

डोस मात्र वाढवला नाही. पद्धत न पाहता पायरी चढवणं ही आमच्या ओपीडीची जुनी सवय आहे. एका पेशंटला चार मिनिटं मिळतात आणि त्यात डोस लिहिणंच सोपं पडतं. मला याचा राग येतो, स्वतःचाही.

सहा आठवड्यांनी पीक फ्लो, म्हणजे जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग, १९० वरून २८० झाला होता. नव्या निळ्या पंपातले बहुतेक पफ शिल्लक होते. रात्रीची जाग अजून आठवड्यातून एकदा येते. तीन महिने नीट गेले, तर एक पायरी उतरू.

नंतर मी त्यांचा जुना केसपेपर चाळला. आठ महिन्यांपूर्वीची नोंद सापडली, "आवाज बसला आहे, घशात पांढरे चट्टे." पुढे लिहिलं होतं, "औषधानंतर गुळण्या करा." औषध छातीऐवजी घशात साचतंय, हे त्या ओळीतच लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं.