चार मिनिटं बारा सेकंद

दुपारी जेवणं उरकली की हे पेपर घेऊन झोपाळ्यावर बसतात आणि मी फोन घेऊन मागच्या खोलीत जाते. मुलाच्या नावावर बोट ठेवायचं आणि वर, वर, वर सरकवत 2019 पर्यंत पोचायचं. त्याने मागे टाकलेलं सामान म्हणजे एक कपाट, सायकल आणि हे आवाज. सायकल पुतण्याने नेली. कपाटात आता माझ्याच साड्या आहेत.

तो जर्मनीला गेला 2022 मध्ये. त्याआधी त्याला टाईप करायचा भयंकर कंटाळा. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरापासून मारुती रोड तो कितीसा लांब, पण तिथे गेला तरी तीन-तीन व्हॉईस नोट. "आई, कोथिंबीर दहाला आहे, आणू का?" "आई, दोन आणतोय, बाई सोडेचना." "आई, दार उघड, हात भरलेत." मध्ये कुणी काही लिहिलेलं नसेल तर एक संपली की पुढची आपोआप सुरू होते, त्यामुळे कोथिंबीर संपते न संपते तोच दार वाजतं.

हल्ली तो रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आमचे पाच, त्याचे उन्हाळ्यात दीड, थंडीत साडेबारा. छान बोलतो, जेवलास का विचारलं की काय जेवला ते दाखवतो. पण आंघोळ करून, केस विंचरून, पाहुण्यांसमोर बसावं तसा बसलेला असतो. आणि मीही बरी साडी नेसलेली असते, खोटं कशाला बोलू. कोथिंबीर विचारणारा मुलगा त्या चौकटीत मावत नाही.

एकदा ऐकायला लागले तर याचं बोलणं एकदम घाईघाईचं. पोटात गोळाच आला. बराच वेळाने कळलं की माझंच बोट त्या 'दीडपट, दुप्पट'वर पडलं होतं. पोराला दुप्पट वेगाने ऐकायची सोय कुणाला सुचली असेल? घरात आई नसलेल्या माणसाला.

मग मागच्या वर्षी फोन भरला. रोज सकाळी येणारी फुलं, सुविचार आणि देवांचे फोटो यांनी तो गळ्यापर्यंत आलेला. एका दुकानात दाखवला. तिथल्या मुलाने चार वेळा बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, झाला बघा मोकळा." घरी येऊन बघते तर फुलं गेली होती आणि फुलांबरोबर खूप काही गेलं होतं. कोथिंबिरीवर बोट ठेवलं की आवाजाऐवजी सूचना येई: ही नोट आता नाही, पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा. काय सांगू? "बाळा, 2019 सालची कोथिंबीर परत पाठव"? शिवाय त्याचाही तो फोन आता कुठे आहे!

पुतणी आली, फोन कॉम्प्युटरला जोडला. ती म्हणाली, "काकू, अशा नोट सर्व्हरवर कायमच्या राहत नाहीत. एकदा तुझ्या फोनवर उतरल्या की त्या तुझ्याच फोनच्या. तिथून गेल्या की बॅकअप असेल तरच परत." माझा बॅकअप होता, पण जुना. त्यातून निघतील तेवढ्या तिने काढल्या. कोथिंबीर आली, दार उघड आलं. मधलं "दोन आणतोय" काही आलं नाही. त्या आवाजांना नावंही असतात, हे मला तेव्हा कळलं: PTT-20211102-WA0009.opus. पीटीटी म्हणजे 'दाबा आणि बोला', पुढचा आकडा तारखेचा. 2 नोव्हेंबर 2021. मी कॅलेंडर न बघता सांगितलं, धनत्रयोदशी. पुतणी बघतच राहिली. तिने सगळं एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिलं. एवढी वर्षं, आणि पेनड्राइव्हचा कोपरासुद्धा भरला नाही. बोललेलं फार हलकं असतं म्हणे, मिनिटाला एका फोटोहूनही कमी जागा.

तिने आणखी एक सांगितलं, ते मात्र मनातून जात नाही. ऑगस्ट 2019 च्या पुरातली त्याची एक नोट आहे. तो आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी बघायला गेला होता. सांगलीत पावसाळ्यात माणसं तब्येत विचारावी तसे फूट विचारतात. पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथे शाळेआधी शिकतात. नोटेत तो म्हणतो, "आई, एकेचाळीस झालंय, सामान वर घ्यायला लाग. आणि हा आवाज ऐक, पाण्याचा." मग सात-आठ सेकंद काहीच नाही. एक हॉर्न, कुणाची तरी "मागं सरा की ओ", आणि शांतता. मला वाटायचं, माझ्या कानांचं वय झालं. पुतणी म्हणाली, "नाही काकू. फोन माणसाचा आवाज उचलतो आणि मागची एकसारखी घरघर गोंगाट समजून दाबून टाकतो. पंखा, पाऊस, नदी." त्या वर्षी कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली, आमच्या घरात शिरली, आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे राहिलो, आणि त्याच्या फोनने तिला पंखा समजून गप्प केलं.

पण घंटा, हॉर्न, भांडणं असं थांबून-थांबून येणारं सगळं राहतं. म्हणून मला धनत्रयोदशीची ती चार मिनिटं बारा सेकंदांची नोट सगळ्यात प्रिय. बोलताना त्याने बटण वर सरकवलं असणार, त्याला कुलूप लागलं आणि हा पाठवायचं विसरून तसाच चालत सुटला. "आई, पणत्या घेतल्या" एवढंच मला उद्देशून आहे. पुढे सगळा मारुती रोड. लवंगी फटाक्यांची सर, एसटीचा हॉर्न, "आकाशकंदील पन्नास", आणि मग पत्र्याच्या डब्यात वाटी खरवडल्याचा आवाज. भडंगाचं दुकान! घरात दोन डबे चिवडा भरलेला असताना हा भडंग घेतोय.

"अर्धा किलो द्या. लसूण जास्त."

"पुण्याला न्यायचं हाय काय?"

"नाही ओ, घरीच. आईला आवडतं."

मी आयुष्यात भडंगाच्या नादी लागले नाही, दातांत शेंगदाणा अडकतो. माझ्या नावावर अर्धा किलो घेऊन तो गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत खात आला, ते कुरकुरणंही त्यात आहे. घरात पाव किलोच पोचलं होतं, मला आठवतंय, आणि मी दुकानदाराला शिव्या घातल्या होत्या. शेवटी तोंड भरलेलं असतानाच, "अरे, हे चालूच आहे की!" आणि बंद.

रविवारी एकदा विचारलं त्याला, "धनत्रयोदशीला भडंग कुणासाठी घेतलं होतंस रे?" तो म्हणाला, "कुठलं भडंग?" मी म्हटलं, काही नाही.

आता ती नोट मी स्वयंपाकघरात लावते. कुकर चढवला, वाफ धरली की बोट ठेवायचं. पहिली शिट्टी फटाक्यांत मिसळते, दुसरी आकाशकंदिलाजवळ. डाळ जुनी असेल तर थोडं पुढेमागे होतं. काल झोपाळ्यावरून हे ओरडले, "अगं, भडंग घेतलं काय त्यानं?" मी म्हटलं, "अजून नाही, एक शिट्टी राहिलीय."