आमची वाटचाल : दुकान, दोन गोदामं आणि एक पिव्होट टेबल

बाबांनी सांगलीत पाइप-फिटिंगचं दुकान काढलं तेव्हा सगळा माल डोळ्यांसमोर असायचा. पुढे कुपवाडला गोदाम घेतलं. तासगावच्या द्राक्षबागांना ड्रिपचा माल जायला लागला तसं तिथेही एक घेतलं. एक्सेलमधली स्टॉकची यादी चार हजार ओळींपर्यंत गेली. एका ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात आम्ही बॉल वाल्व्हची नवी ऑर्डर दिली आणि आठवड्याने कळलं, की तेच वाल्व्ह तासगावला खोक्यांतच पडून आहेत. बाबा एवढंच म्हणाले, "कुठला माल कुठे किती, हे मला एका कागदावर दे."

तो कागद पिव्होट टेबलने, म्हणजे लांब यादीची गटवार बेरीज मांडून दाखवणाऱ्या एक्सेलमधल्या सोयीने दिला. यादीवर Ctrl+T करून तिचं टेबल केलं, म्हणजे खाली भरलेली नवी ओळ आपोआप धरली जाते. मग Insert मधून PivotTable घेऊन Rows मध्ये प्रकार, Columns मध्ये ठिकाण आणि Values मध्ये नग टाकले.

पहिल्याच दिवशी कुपवाडचे दोन रकाने आले. एका नोंदीत नावापुढे स्पेस राहिली होती, तिला एक्सेल वेगळं गाव समजलं. बेरजेऐवजी Count दिसत होतं, कारण काही नग मजकूर म्हणून टाइप झाले होते. तेव्हा नुसतं Sum निवडून भागत नाही, कारण मजकूर बेरजेत धरलाच जात नाही. ते आकडे मूळ यादीतच दुरुस्त करावे लागले.

खरी चूक पुढे झाली. पाइपचे मीटर आणि वाल्व्हचे नग एकत्र मिळवून काही कळत नाही, म्हणून मला रुपयांत किंमत हवी होती. मी पिव्होटमध्येच Calculated Field करून नग गुणिले दर लिहिलं. ते आधी नगांची बेरीज करतं, मग दरांची, आणि त्या दोन बेरजांचा गुणाकार करतं. समजा, ८० रुपयांचे १०० छोटे वाल्व्ह आणि ३,००० रुपयांचे २ मोठे आहेत. माल १४,००० रुपयांचा, पण पिव्होट दाखवतं १०२ गुणिले ३,०८०, म्हणजे ३,१४,१६० रुपये! वाल्व्हची रक्कम बघून बाबांनीच ते पकडलं. आता किंमतीचा रकाना मूळ टेबलमध्येच आहे :

```
=[@नग]*[@दर]
```

आणि पिव्होट फक्त त्याची बेरीज करतं.

दर सोमवारी सकाळी आधी Refresh All. ते राहिलं, तर गेल्या आठवड्याचाच आकडा समोर येतो. मग बाबा एखाद्या फुगलेल्या रकमेवर डबल क्लिक करतात. त्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात आणि कुठला वाल्व्ह, किती इंची, हे दिसतं. गोदामातलं फुटलेलं फिटिंग मात्र त्यात दिसत नाही, म्हणून दर तिमाहीला हाताने मोजणी चालूच आहे. तासगावचे ते वाल्व्ह आम्ही टेम्पोने दुकानात आणले. त्यानंतर ऑर्डरच्या फोनआधी बाबा तो कागद मागून घेतात.